पोटावर सैल ऊब, पायात पकड

(कपडे वाटपाच्या तयारीसाठी नोव्हेंबरमध्ये भरलेल्या स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या खोलीत जुन्या गरम कपड्यांची नऊ बोरी येऊन पडली आहेत. चहा झाला की आपण ती उघडणार आहोत. त्याआधी मला थोडे बोलायला सांगितले आहे. मी धर्मशास्त्राची पदविका घेतलेली बाई, डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर आशाताईंच्या मागे मागे फिरून बरेच हिवाळे काढले, आणि स्वतःची दोन बाळंतपणे, दोन्ही डिसेंबर-जानेवारीतली. तेव्हा आज मी एवढेच सांगणार आहे की पोटुशी बाई थंडीत काय घालते, काय घालायला हवे, आणि आपण तिला काय देतो.

आधी आपलीच एक चूक सांगते. मागच्या हिवाळ्यात कोणीतरी आपल्याला नव्याकोऱ्या मोज्यांचा मोठा गठ्ठा दिला. नायलॉनचे, मऊ, रंगीत. आपण खूश झालो आणि प्रत्येक गरोदर बाईला दोन दोन जोड दिले. पंधरा दिवसांनी एका पाड्यावरून निरोप आला. आठवा महिना लागलेली बाई पहाटे उठली, मोजे पायात तसेच, शेणाने सारवलेल्या गुळगुळीत जमिनीवरून दाराशी गेली. दाराबाहेर दगडी पायरी, पायरीवर दव. पाय सरकला आणि ती कुशीवर पडली. गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. दवाखान्यात तिला एक दिवस आणि एक रात्र नजरेखाली ठेवले, बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकले. देवाच्या कृपेने काही झाले नाही, पुढे तिला मुलगी झाली. पण मी तिला भेटायला गेले तेव्हा तिच्या सासूने ते मोजे धुऊन, घडी करून माझ्या हातात परत दिले. ती काहीच बोलली नाही. मला तेवढे पुरले.

मोजे वाईट नसतात. ते कशावर, कशाच्या आत आणि कुठे घालायचे हे आपण सांगितले नव्हते. म्हणून हे भाषण.

आता ज्यांना आपल्या भागाची थंडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. अक्कलकुवा तालुक्यात डाब, वालंब्याकडे काही वर्षी पहाटे गवतावरचे दव गोठलेले दिसते. नंदुरबारच्या बाजारात दुपारी घाम येतो आणि त्याच दिवशी वर डोंगरात रात्री दात वाजतात. हा फरकच महत्त्वाचा आहे. आपली थंडी दिवसभराची नाही. ती संध्याकाळी पाचला उतरते आणि सकाळी नऊ-साडेनऊला उन्हाबरोबर जाते. म्हणून एकच जाड कपडा आपल्या बाईच्या कामाचा नाही. तिला घालता-काढता येतील असे थर हवेत.

थरांची गोष्ट आपल्या बायकांना शिकवावी लागत नाही. गोधडी कोण शिवते? त्याच शिवतात. एकावर एक पाच-सहा जुनी लुगडी, मध्ये मध्ये हवा, वरून टाके. ऊब कापडाची नसते, कापडात अडकलेल्या हवेची असते. गोधडी जुनी होऊन दबून चपटी झाली की वजन तेवढेच राहते पण ऊब जाते, हे प्रत्येक आजीला माहीत आहे. अंगावरच्या कपड्यालाही हाच नियम. घट्ट स्वेटर ताणला गेला की त्याची वीण उघडते, हवा निघून जाते आणि तो जाड असूनही गार लागतो. पोटावर ताणून बसवलेला स्वेटर बघा, बटणांच्या मधून आतले पोलके दिसते. तिथूनच वारा आत जातो. म्हणून सैल कपडा आरामासाठी तर हवाच, पण तो जास्त उबदारही असतो. हे नीट सांगितले तर सासवांनाही पटते, कारण ‘सैल’ म्हटले की त्यांना ‘ढगळ आणि गार’ असे वाटते.

इथे एक गैरसमज दूर करते. पुष्कळ ठिकाणी मी ऐकते की पोट उघडे राहिले तर बाळाला थंडी लागते. तसे होत नाही. बाळ आईच्या शरीराच्या आत, पाण्यात असते आणि त्याचे तापमान आईपेक्षा थोडे जास्तच असते. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्तही वाढते, शेवटी शेवटी जवळजवळ निम्म्याने जास्त. त्वचेकडे रक्त जास्त जाते, म्हणून पुष्कळ जणींना इतरांपेक्षा उकडते. थंडी लागते ती आईला. ती कुडकुडली की तिचे स्नायू आवळतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढू शकतो, रात्रीची झोप जाते. पोट झाकायचे ते यासाठी. पोटाच्या पुढच्या भागावरून स्वेटर वर सरकतो आणि कंबरेशी चार बोटे अंग उघडे पडते, मागे पाठीलाही. वाकून चूल फुंकणाऱ्या बाईच्या पाठीचा तो पट्टा सगळी पहाट उघडा असतो. कंबर धरते, आणि ती म्हणते की बाळाचे ओझे आहे.

पण बाळाला थंडी लागेल या भीतीने बाईला चार शाली गुंडाळून शेकोटीसमोर बसवणेही चूकच. मी असे एक घर पाहिले आहे. बाईला घाम येत होता, आतले पोलके भिजले होते, आणि मग ती त्याच ओल्या कपड्यात बाहेर गेली. ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. अशी भिजलेली बाई कोरड्या पातळ कपड्यातल्या बाईपेक्षा जास्त गारठते. बाईला थंडी वाजते की उकडते हे तिच्या हातापायांना हात लावून कळत नाही, हातपाय गारच असतात. तिच्या मानेमागे, पोलक्याच्या आत दोन बोटे घाला. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. तिथे गार लागले तर एक थर वाढवा.

आता एका बाईचे सगळे कपडे मी तुम्हाला आतून बाहेर दाखवते. मोज्यांच्या प्रकारानंतर आम्ही ठरवले की नुसते वाटायचे नाही, आधी बघायचे. जानेवारीत एका पाड्यावर सातवा महिना असलेली एक बाई भेटली, दुसरेपण. तिच्या परवानगीने आशाताईने आणि मी, सासूच्या समोर, एकेक कपडा पाहिला.

सगळ्यात आत सुती पोलके, लग्नातले, छातीवर ताणलेले. त्याचा खालचा हूक तिने सोडून दिला होता. खाली परकर, त्याचा बारीक सुतळीसारखा नाडा बरोबर पोटाच्या मधोमध बांधलेला. नाडा सोडायला सांगितला तर तिथे करंगळीच्या रुंदीची लाल खोल खूण, कडेला काळी पडलेली आणि खाजवून सोललेली त्वचा. त्यावर लुगडे. त्यावर तिच्या नवऱ्याच्या धाकट्या भावाचा शाळेचा स्वेटर, पोटावर येतच नव्हता, छातीखाली दोन बटणे लावून बाकी उघडा. आणि वरून एक पातळ शाल, डोक्यावरून घेऊन डाव्या हाताने गळ्याशी धरलेली. हंडा डोक्यावर, उजवा हात हंड्याला, डावा हात शालीला. पायात झिजलेली हवाई चप्पल, एका बाजूचा पट्टा तारेने बांधलेला.

तिला जेवण झाल्यावर छातीत जळजळ होई. खाली बसली की दम लागे. दोन्ही गोष्टी सातव्या महिन्यात होतातच, पण नाडा खाली घेतल्यावर चार दिवसांत जळजळ निम्मी झाली असे तिनेच सांगितले. पोट वर चढलेले, त्यावर आवळून बांधलेले, मग जठरातले आंबट वर येणारच. नाड्याचा उपाय साधा होता. परकर पोटाच्या खाली, ओटीपोट आणि मांड्या मिळतात तिथे बांधायचा, मागे कंबरेच्या हाडावर. आणि बारीक नाड्याऐवजी चार बोटे रुंद पट्टी. आम्ही जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी शिवली. रुंद पट्टी तेवढ्याच ताणात त्वचेत रुतत नाही. परकर खाली घसरतो अशी तक्रार येते, ती खरी आहे. त्यासाठी परकराला दोन्ही खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्या लावल्या, लहान मुलींच्या झग्याला असतात तशा. सासू हसली, पण दुसऱ्या दिवशी शेजारणीचा परकर घेऊन आली.

इथे पोट आवळून बांधण्याबद्दल सांगायला हवे. काही घरांत पोट फार मोठे दिसू नये किंवा बाळ खाली येऊ नये म्हणून ओढणीने पोट घट्ट बांधतात. ते नको. कंबर फार दुखत असेल तर पोटाच्या खालून आधार देणारी रुंद पट्टी चालते, तीही डॉक्टर किंवा नर्सला विचारून, आणि झोपताना सोडायची. आधार खालून असतो, आवळणे सगळीकडून असते. हा फरक हाताने दाखवावा लागतो, तोंडाने सांगून कळत नाही.

मग स्वेटर. आपल्या बोऱ्यांत बायकांचे स्वेटर बहुतेक अंगाबरोबर बसणारे, डोक्यातून घालायचे असतात. ते गरोदर बाईला निरुपयोगी आहेत. पोटावर येत नाहीत, आणि उकडले तर चूल सोडून काढत बसावे लागतात. तिला हवा पुरुषाचा मोठ्या मापाचा, समोर बटणांचा स्वेटर. तो मिळाला नाही तर आहे तो मोठा करता येतो, आणि हे काम आज आपण इथेच करणार आहोत. स्वेटरच्या दोन्ही बाजूंची शिवण खालून काखेखाली वीतभर अंतरापर्यंत उसवायची. जुन्या शालीचा किंवा ब्लँकेटचा तिकोनी तुकडा घ्यायचा, तळाशी आठ इंच, वर टोक. ती कळी त्या फटीत बसवायची, घागऱ्याला बसवतात तशी. दोन्ही बाजूंनी मिळून तळाशी घेर सुमारे पंधरा इंच वाढतो, थोडे कापड शिवणीत जाते. विणलेल्या कडा उसवत जातात, म्हणून आधी कडेने दुमडून टाके घाला, नाहीतर दोन धुण्यांत स्वेटरची लोकर होते. बाळंतपणानंतर हाच स्वेटर मुलाला अंगावर पाजताना उपयोगी पडतो, कारण समोरून उघडतो आणि आत मूल मावते.

माप कसे घ्यायचे? बाईला उभी करून नाही, खाली मांडी घालून बसवून. बसल्यावर पोट पुढे येते आणि खरा घेर कळतो. सगळी बटणे लावल्यावर स्वेटर आणि पोट यांच्यामध्ये तिची स्वतःची मूठ सहज जायला हवी. सातव्या महिन्यात मूठ जाते, नवव्यात हात सपाट जातो. म्हणून सातव्यात माप घेताना मूठभर जागा सोडा. स्वेटर पुढून मांडीपर्यंत आणि मागून बसल्यावर जमिनीला टेकेल एवढा लांब असला तर उत्तम.

त्या बाईला आम्ही असे दिले. आत एक सैल सुती बंडी, पोलक्याच्या ऐवजी, घाम शोषायला. अशा दोन, म्हणजे एक भिजली तर दुसरी. त्यावर कळ्या घातलेला बटणांचा स्वेटर. त्यावर शाल, पण हाताने धरायची नाही. शाल पाठीवरून घेऊन दोन्ही टोके छातीवर एकमेकांवरून न्यायची आणि पोटाच्या वर, सैल, एक मोठी सेफ्टी पिन लावायची. टोके मागे कमरेला खोचायची. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पोटावर शालीचा दुपदरी थर येतो. वारा आत शिरत नाही. ऊन आले की पिन काढून शाल खांद्यावर, मग स्वेटरची बटणे मोकळी. चढ चढायच्या आधीच एक थर काढायचा, घाम आल्यावर नव्हे.

टोके का खोचायची तेही सांगायला हवे. चूल. आपण देतो त्या स्वेटर-शालींत निम्म्याहून जास्त खरी लोकर नसते, कृत्रिम धागा असतो. खरी लोकर लवकर पेट घेत नाही, हा धागा वितळतो आणि कातडीला चिकटतो. बोरी उघडताना शंका आली तर कडेचा एक धागा काढून बाहेर अंगणात जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास देते आणि तिची भुकटी होते. कृत्रिम धाग्याचा काळा कडक मणी होतो. असा कपडा टाकून द्यायचा नाही, आपल्याकडे तेवढी चैन नाही. पण तो चुलीजवळ घालायचा नाही, बाहेर जाताना घालायचा, आणि स्वयंपाकाच्या वेळी बाह्या घट्ट मनगटापर्यंत किंवा कोपरापर्यंत दुमडलेल्या हव्यात. पोट मोठे झाले की बाईला चुलीपासून किती अंतर राहिले याचा अंदाज चुकतो. हातापेक्षा पोट आधी आगीजवळ जाते.

आणि कपडे कमी असतील तर लोक घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपतात. ते करू नका. त्या निखाऱ्यांच्या न दिसणाऱ्या, न वास येणाऱ्या वायूने माणूस झोपेतच जातो, आणि पोटातल्या बाळाला तो आईपेक्षाही जास्त बाधतो. डोके दुखून, मळमळून जाग आली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचे आणि दवाखाना गाठायचा. एक जास्तीची गोधडी त्या घमेल्यापेक्षा स्वस्त पडते.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट, आणि ती शहरातल्या पुस्तकात तुम्हाला कपड्यांच्या प्रकरणात सापडणार नाही. सिकलसेल. नंदुरबारच्या आदिवासी समाजात हा आजार आहे, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ज्या बाईला हा आजार आहे, नुसती वाहक नव्हे, तिला थंडीने अंग दुखण्याचा झटका येऊ शकतो. गार पाण्यात धुणे, ओल्या कपड्यात राहणे, पहाटेचा वारा, एवढे पुरते. पाणी कमी प्यायल्यानेही तेच होते, आणि थंडीत तहान लागत नाही. तिच्यासाठी कोरडी बंडी आणि उबदार पाय हे औषधाच्या जोडीचे आहे. ती आजारी आहे हे आशाताईंना ठाऊक असते. त्यांना विचारून अशा बायकांना पहिला कपडा द्या. हाडे, छाती किंवा पोट जोरात दुखू लागले तर शेकत बसू नये, दवाखान्यात न्यावे.

आता पाय.

त्या बाईची तार बांधलेली चप्पल मी हातात घेतली. टाचेखाली रबर कागदासारखे पातळ, आरशासारखे गुळगुळीत. मी ती ओल्या दगडावर ठेवून हाताने दाबून ढकलली. भाकरीच्या तव्यावर तूप सरकावे तशी सरकली. ही परीक्षा लक्षात ठेवा. बोऱ्यांतला प्रत्येक जोड आज असाच तपासायचा आहे. अंगणात फरशी ओली करा, बूट ठेवा, वरून दाबा, पुढे ढकला. अडला तर ठेवा, सरकला तर बाजूला. तळाच्या खाचांत नखाचे टोक बुडायला हवे. वरून नवा दिसणारा बूटही तपासा, कारण वर्षानुवर्षे कपाटात पडलेला तळ कडक होतो, आणि स्वस्त प्लॅस्टिकचा तळ थंडीत आणखी कडक होतो. कडक तळ दगड धरत नाही.

गरोदर बाई इतरांपेक्षा जास्त का घसरते? पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो. सांधे सैल होतात. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे तिला स्वतःची पावले दिसत नाहीत. उतारावर ती पाय कुठे पडतो हे डोळ्यांनी नाही, तळव्याने ओळखते. थंडीने तळवा बधिर झाला की तेही जाते.

म्हणून मी अनवाणी चालणाऱ्या बाईला एकदम चूक म्हणत नाही. आपल्या डोंगरातल्या बाईचा उघडा पाय कोरड्या कातळावर कोणत्याही बुटापेक्षा चांगला धरतो, हे मी खाली बसून सरकत उतरताना अनेकदा पाहिले आहे, आणि ती माझ्याकडे बघून हसली आहे. पण दवाने ओल्या गवतावर, गारठलेल्या पहाटे, बधिर पायाने ती गोष्ट राहत नाही. पाय फुटतात, भेगांत माती जाते. तेव्हा दिवसा कोरड्यात अनवाणी, पहाटे आणि संध्याकाळी पायात काहीतरी, अशी तडजोड मी सुचवते आणि ती पाळली जाते.

‘काहीतरी’ म्हणजे काय? टाचेमागे पट्टा असलेले रबरी सँडल, किंवा खाचांच्या रबरी तळाचे कापडी बूट. टाच मोकळी असलेली कोणतीही चप्पल उतारावर पायातून पुढे पळते आणि बाई बोटांनी ती धरून ठेवायला बघते, त्यातच पाय मुरगळतो. नाडीचे बूट देऊ नका. सातव्या महिन्यानंतर वाकून नाडी बांधता येत नाही, मग ती सुटी राहते आणि तिच्यावरच पाय पडतो. चिकटणारा पट्टा चांगला, किंवा नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक ओवून द्या. उंच टाचेचे बूट बोऱ्यांत दरवर्षी तीन-चार जोड तरी निघतात. देणाऱ्यांचे मन चांगले आहे, पण ते विकून त्या पैशांचे रबरी सँडल घेऊ.

माप संध्याकाळी घ्या. गरोदरपणात पाय रुंद होतो, संध्याकाळी सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. पुढे अंगठाभर जागा हवी, आणि आत मोजा घालणार असतील तर मोज्यासकट माप. मोजा सुती किंवा लोकरीचा, वरचे इलॅस्टिक सैल. काढल्यावर पोटरीवर खोल वळ राहत असेल तर ते इलॅस्टिक कापा. मोजे बुटाच्या आत किंवा गोधडीच्या आत. नुसत्या मोज्यांनी सारवलेल्या जमिनीवर चालायचे नाही, आणि हवाई चपलेत मोजा घालायचा नाही, कारण अंगठ्याच्या फटीत तो बसत नाही आणि पाय चपलेवर तरंगतो.

बुटावरून आणखी एक कळते. दोन्ही पाय संध्याकाळी थोडे सुजणे नेहमीचे आहे. पण काल बसत होता तो बूट आज सकाळीच बसत नाही, बांगडी रुतते, चेहरा सुजलेला दिसतो, त्यात डोके दुखते किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते, तर मोठा बूट शोधायचा नाही. तो रक्तदाब असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तरीही त्याच दिवशी.

चांगला बूट दिला म्हणजे झाले असेही नाही. शेवाळलेल्या दगडावर कोणताही तळ टिकत नाही. त्या पाड्यावर बायका ज्या दगडावरून नाल्यात उतरत, तिथे आम्ही पुरुषांना बोलावून शेवाळ खरवडून घेतले आणि उतारावर मुरूम टाकला. पाऊण तासाचे काम. तिच्या नवऱ्याने एक बांबू कापून दिला, खालचे टोक फाडून रुतेल असे केलेला. आणि ठरले की दव वाळेपर्यंत, म्हणजे ऊन अंगणात येईपर्यंत, तिने पाण्याला जायचे नाही. पहाटेचा हंडा नवरा आणील. यावर घरात वाद झाला, मी तो इथे सांगत नाही. शेवटी हंडा धाकट्या दिराने आणला, ज्याचा स्वेटर तिने घातला होता त्यानेच.

तरीही बाई पडलीच तर? पोटावर किंवा जोरात कुशीवर, पाठीवर पडली असेल तर काही दुखत नसले तरी तपासायला न्यायचे, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर. रक्त किंवा पाणी जाणे, पोट दगडासारखे कडक होणे किंवा कळा येणे, बाळाची हालचाल कमी होणे, यातले एकही असेल तर एक क्षण थांबायचे नाही, 108 ला फोन. फोन लागत नसेल तर उंचावर माणूस पाठवा आणि तोवर तिला डाव्या कुशीवर, गोधडीत, कपडे सैल करून निजवा. पोट चोळायचे नाही, बांधायचे नाही.

आता चहा. बोरी उघडल्यावर तीन ढीग करू. पहिल्यात समोर बटणांचे मोठे स्वेटर. दुसऱ्यात कळ्या घालता येतील असे. तिसऱ्यात पोरासोरांना आणि म्हाताऱ्यांना देण्यासारखे. सुया, दोरा आणि कात्र्या मी आणल्या आहेत, फरशी ओली करायला बादली दाराशी ठेवली आहे. आणि मागच्या वर्षीचे उरलेले नायलॉनचे मोजे त्या निळ्या पिशवीत आहेत, त्यांना आज हात लावू नका. ते उलटे करून, आत जुन्या स्वेटरचे तुकडे भरून, रात्री गोधडीत पाय घालायला उबदार पिशव्या करता येतील का, हे मला आधी एका सासूबाईंना विचारायचे आहे.